मिठू, राघू, टिकू की किकी? बोलक्या पक्ष्याचं नाव ठरवताना

नाशिकच्या माझ्या मावसबहिणीने गेल्या वर्षी निळ्या रंगाचा एक बजरी आणला, आणि पिंजरा टेबलावर ठेवायच्या आत घरात नावावरून दोन तट पडले. आजींना मिठूच हवा होता, कारण पोपट म्हणजे मिठू. मुलाला किकी हवं होतं. भावजींनी राघू सुचवलं. बहिणीचं म्हणणं टिकू. मला फोन आला तो एवढंच विचारायला, की यातलं कुठलं नाव तो खरंच बोलेल?

मी उलट विचारलं, की पक्षी कुठला? सगळं त्यावर अवलंबून आहे. बोलका पक्षी हा काही एकच प्राणी नाही. बजरी, कॉकाटील, आफ्रिकन ग्रे हे पोपट आणि मैना यांचे गळे वेगळे चालतात, त्यामुळे एकाला सोपं असलेलं नाव दुसऱ्याच्या तोंडी नुसती गुणगुण होऊन बसतं.

पक्ष्याला आपल्यासारखी स्वरयंत्राची पेटी घशात वर नसते. त्याचा आवाज श्वासनलिकेच्या तळाशी, ती दोन फुप्फुसांकडे फुटते तिथे तयार होतो. पोपट वर जाड, मांसल जिभेने त्याला आकार देतो. डच संशोधकांनी २००४ मध्ये मंक पॅराकीट जातीच्या पोपटांवर प्रयोग करून दाखवलं, की जीभ मिलिमीटरभर हलली तरी आवाजाचा बाज बदलतो. पण ओठ कुठे आहेत? प, ब, म म्हणताना आपण ओठ मिटतो. चोच मिटून ते काम होत नाही. अमेरिकी संशोधक आयरीन पेपरबर्ग यांच्या अ‍ॅलेक्स नावाच्या आफ्रिकन ग्रेने पुढे चांगलं बोलून दाखवलं, पण ‘पेपर’ हा शब्द त्याच्या तोंडून सुरुवातीला जवळपास नुसत्या स्वरांतच यायचा. त्यातला प त्याला नंतर साधला. म्हणजे ओष्ठ्य वर्ण अशक्य नाहीत, फक्त उशिरा येतात, आणि आलेच तरी ऐकणाऱ्याला थोडे ओळखून घ्यावे लागतात.

आता बजरी. तो साधारण तीस-चाळीस ग्रॅमचा जीव, त्याचा सूर उंच, आणि माणसाचं बोलणं तो एका झणझणत्या सुरावर चढउतार करून उभं करतो. म्हणून त्याचं बोलणं जलद आणि जुन्या रेडिओसारखं खरखरीत वाटतं. अशा आवाजात लांबट, मऊ अक्षरं विरघळतात. जिथे आवाज क्षणभर तुटतो तेच ऐकू येतं, म्हणजे ट, क, च, त. म्हणून बजरीसाठी माझी पसंती दोन अक्षरी नावाला, मध्ये ट किंवा क, शेवटी ई किंवा ऊ. शेवटी दीर्घ स्वर असला की नावाला टेकायला जागा मिळते आणि पक्षी तो ओढून म्हणतो. ‘विठू विठू’, ‘मिठू मिठू’ ही पिढ्यान् पिढ्यांची नावं ऊकारान्त आहेत, हे कोणी ठरवून केलं असेल असं वाटत नाही, पण कानांना ते जमलं होतं.

चार नावं बजरीपुढे ठेवली तर मला हे दिसतं:

| नाव | सोपं काय | अडचण काय |
|---|---|---|
| टिकू | दोन स्पष्ट तोड, दीर्घ ऊ | घरातल्या ‘चिकू’, ‘टिंकू’शी गोंधळ |
| किकी | एकच अक्षर दोनदा | नाव की चिवचिव हे कळत नाही |
| मिठू | मधला ठ, शेवटचा ऊ | सुरुवातीचा म हरवतो, ठ चा ट होतो |
| राघू | सुरेल, दीर्घ | दोन्ही व्यंजनं मऊ, बजरीकडे अस्पष्ट |

किकीबद्दल थोडं सांगायला हवं, कारण वरवर तेच सगळ्यांत सोपं वाटतं. ते इतकं सोपं आहे की बजरीच्या नेहमीच्या किलबिलाटात ते आपोआप निघतं. मग महिन्याभराने घरातले खुशीने म्हणतात, “बोलला, बोलला!”, आणि पुढे सहा महिने तो फक्त बजरीचा किलबिलाटच असतो. पक्ष्याच्या नेहमीच्या हाकांमध्ये न बसणारं काहीतरी नावात असावं, म्हणजे तो ते मुद्दाम काढतोय हे ऐकू येतं. टिकूमध्ये इ वरून ऊ वर होणारी उतरंड हे काम करते.

मिठूला मात्र मी आजींच्या भीतीपोटी नव्हे, खरोखर सोडत नाही. म ची सुरुवात गेली तरी ‘इठू’ राहतं आणि कान ते भरून घेतो. महाप्राण ठ, घ, भ यांतला श्वासाचा झोत लहान पक्ष्यात फारसा ऐकू येत नाही, म्हणून बजरीचा मिठू ‘इट्टू’सारखा होईल. आजी त्यालाही मिठूच म्हणतील, यात शंका नाही.

आफ्रिकन ग्रेकडे हे तराजू उलटं होतं. त्याचा आवाज माणसाच्या पट्टीत बसतो, तो सावकाश बोलतो आणि र, ग, न, दीर्घ आ हे सगळं त्याला येतं. इथे राघू पहिल्या क्रमांकावर, टिकू फार चुटपुटं. तीन अक्षरी नावही चालेल. पण गंगाराम, श्रीरंग यांच्यातली जोडाक्षरं आणि श मात्र मी टाळीन. स, श हा नुसता वाऱ्याचा आवाज असतो, पंखा चालू असलेल्या खोलीत तो पक्ष्याच्या कानापर्यंत नीट जातही नाही. कुकरची शिट्टी तो शिकतो, पण ती शिट्टी सुरेल असते. ग्रे बहुधा वर्षभराचा झाल्यावर बोलू लागतो आणि चाळीस वर्षं, कधी त्याहून जास्त जगतो. त्यामुळे बाळाचं लाडकं नाव देताना हेही लक्षात घ्या, की पुढची पिढी ते दारापाशी हाक मारणार आहे.

कॉकाटीलचं थोडक्यात आटोपतं. नर बोलण्यापेक्षा शीळ चांगली घालतात, त्यांच्या नावाला शीळेची चाल जोडून द्या, म्हणजे ‘टी-टू’ वरून खाली. मादीकडून शब्दाची अपेक्षा ठेवू नका.

मैनेबद्दल आधी कायदा. आपल्याकडचे हिरवे पोपट आणि डोंगरी मैना दोन्ही वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ खाली संरक्षित आहेत. त्यांना पाळणं, विकणं, विकत घेणं गुन्हा आहे. बाजारात पिल्लू मिळतं म्हणून ते चालतं असं नाही. म्हणून ही तुलना वाचणाऱ्या भारतातल्या माणसाला पर्याय आहेत बजरी, कॉकाटील आणि नोंदणी करून घेतलेले परदेशी पक्षी. परदेशात, जिथे पिंजऱ्यातच जन्मलेली मैना कायदेशीर मिळते, तिथे ठेवणाऱ्यांना मात्र नावाची सर्वांत मोठी मोकळीक आहे. मैना माणसाचा आवाज नुसता उचलत नाही, तो कोणाचा आहे हेही कळतं. मनात येईल तसं ‘मैनाबाई’ म्हणा, ती तसंच म्हणेल. रानात डोंगरी मैना इतर जातींच्या नकला करत नाही, शेजारच्या आपल्याच लिंगाच्या मैनांच्या हाका शिकते. पिंजऱ्यात शेजारी तुम्ही असता, म्हणून ती तुमच्या शिकते. म्हणून मैनेचं नाव निवडताना अक्षरापेक्षा आधी हे ठरवा, की ते तिला कोण शिकवणार. आजोबांचा खोकलाही ती नावासोबत घेईल.

हीच गोष्ट थोड्या फरकाने सगळ्यांना लागू आहे. थव्यातला पोपट ‘मी इथे आहे, तू कुठे?’ अशा अर्थाची हाक देत असतो. व्हेनेझुएलातल्या लहान पोपटांवर २०११ मध्ये छापलेल्या अभ्यासात दिसलं, की पिल्लांच्या ओळखीच्या हाका आईबापांच्या हाकेवरून घडतात. म्हणून नाव शिकवण्याची वेळ म्हणजे तुम्ही खोलीत शिरता ती वेळ, आणि तो बाहेरून ओरडून विचारतो ती वेळ. सकाळ-संध्याकाळ पाच-दहा मिनिटं एकच नाव, एकाच चालीत, पंखा आणि टीव्ही बंद करून. टेपवर तासन् तास वाजवून मला कधी उपयोग झाला नाही, पक्ष्याला समोर कोणीतरी लागतं.

आणखी एक सापळा म्हणजे वाक्य. पक्षी नाव सुटं उचलत नाही, तुम्ही जे एका दमात म्हणता ते उचलतो. “मिठू गप्प!” रोज ऐकणारा ‘मिठूगप्प’ म्हणेल, मग त्याचं नाव तेच. म्हणून पहिले दोन महिने नाव एकटंच म्हणा, पुढे शब्द जोडा.

यश आलं की नाही हे स्वतःच्या कानांनी ठरवू नका. ज्याला ऐकायची इच्छा असते त्याला काहीही ऐकू येतं. फोनवर पक्ष्याचं बोलणं टिपा, आणि नाव माहीत नसलेल्या शेजाऱ्याला ऐकवून विचारा, काय म्हणतोय? दहांपैकी सहा वेळा त्याने बरोबर ओळखलं तर नाव उमटलं म्हणायचं. सुरुवातीला बहुधा लय आणि चढउतार दिसतात, मग स्वर, व्यंजनं शेवटी. संध्याकाळी दिवा मंद केल्यावर तो पुटपुटत असेल तेव्हा कान द्या. सराव तिथेच चाललेला असतो.

नाशिकच्या घरात अखेर टिकू ठरलं. पक्षी नर होता. तेही आम्ही नाकाच्या कातडीवरून पाहिलं: वयात आलेला नर असेल तर ती निळी, मादीची तपकिरी. त्यातही पांढऱ्या-पिवळ्या जातींत नराची ती गुलाबीच राहते, तिथे फसायला होतं. नर बजरी मादीपेक्षा कितीतरी जास्त बोलतात, म्हणून मादी असती तर मी नावावर एवढा वेळ घालवू दिला नसता. शेजारी एक चिंटू राहतो, म्हणून चिकू आधीच बाद केलं होतं. आजींना सांगितलं, की त्यांनी मिठू म्हणावं, पण टिकूच्या समोर नाही. त्या ऐकतील असं कोणालाच वाटलं नव्हतं.

तीन महिन्यांनी बहिणीने रेकॉर्डिंग पाठवलं. माझ्या घरातल्या कोणालाही नाव माहीत नव्हतं. माझ्या मुलीने ते दोनदा ऐकून सांगितलं, “टिकू… आणि मग काहीतरी दार.” बहीण रोज खोलीतून निघताना मुलाला दार लावायला सांगते. तो आता टिकूदाल्लाव म्हणतो, आणि आजींच्या मते त्यात मध्येच एकदा मिठूही आहे.