लिफ्टची तीन कोटेशनं: सर्वांत स्वस्त घ्यायचं की गुणांचा तक्ता मांडायचा?

आमची इमारत सात मजली, अठ्ठावीस घरांची. जुनी लिफ्ट काढून ५४४ किलोची, म्हणजे आठ माणसांची नवी बसवायची होती. तीन कोटेशनं आली आणि कमिटीत पहिलं वाक्य अपेक्षित तेच आलं: ‘एल-वनला, म्हणजे सर्वांत कमी भाववाल्याला देऊन टाका, उद्या ऑडिटरने विचारलं तर उत्तर तयार.’ हे उत्तर सोपं आहे आणि काही खरेद्यांत बरोबरही आहे. जिन्यातले एलईडी दिवे घ्यायचे, ब्रँड आणि वॅट ठरलेले, तर कमी भाव पाहावा आणि मोकळं व्हावं. लिफ्टचं तसं नाही. बसवणारा पुढची दहा वर्षं आपल्या दारात येणार असतो, किंवा येणार नसतो.

म्हणून आधी तिघांना एकाच मापात आणलं. सगळ्यांकडून सुट्या भागांसहितच्या एएमसीचा, म्हणजे वार्षिक देखभाल कराराचा भाव मागितला. नाहीतर एकाचा भाव भागांसकट आणि दुसऱ्याचा नुसत्या तेलपाण्याचा, अशी तुलना होते.

| | अ | ब | क |
|---|---|---|---|
| लिफ्टची किंमत, करासह (लाख) | ११.४० | १२.८० | १४.६० |
| वॉरंटी | १ वर्ष | २ वर्षं | २ वर्षं |
| त्यानंतर एएमसी, दरवर्षी | ६०,००० | ५४,००० | ५४,००० |
| दहा वर्षांचा खर्च (लाख) | १६.८० | १७.१२ | १८.९२ |
| लिफ्ट बंद राहणार | ४५ दिवस | ३५ दिवस | २८ दिवस |

एएमसीची दरवाढ तिघांचीही सारखीच होईल असं धरून ती सोडून दिली आहे. तरी अ आणि ब यांच्यातला १ लाख ४० हजारांचा फरक दहा वर्षांवर ३२ हजारांवर आला. ‘एल-वन’ म्हणजे नेमक्या कुठल्या रकमेत पहिला, हे विचारल्याशिवाय त्या शब्दाला अर्थ नाही.

वेटेज असं होतं: दहा वर्षांचा खर्च ४०, तक्रारीनंतरची सेवा २५, लिफ्टचं नियंत्रण करणारा कंट्रोलर आणि भाग बाहेर मिळण्याची सोय २०, लिफ्ट बंद राहण्याचे दिवस १५. हे पाकिटं उघडण्याआधी ठरवून मिनिट्समध्ये लिहिलं होतं. भाव कळल्यावर वेटेज ठरवायला बसलं की प्रत्येक जण आपल्या आवडत्या पार्टीच्या सोयीचा आकडा सुचवतो आणि त्याला ते जाणवतही नाही. परवाना असणं-नसणं मात्र गुणांत घेतलं नाही. लिफ्ट बसवण्याचा परवाना नसेल तर पाकीट बाजूला, मग बाकीचे गुण कितीही असोत.

गुण देताना सगळ्यांत जास्त कष्ट सेवेवर घेतले. प्रत्येकाने दिलेल्या यादीतल्या तीन इमारतींत जाऊन लिफ्टचं तक्रार रजिस्टर पाहिलं. ‘सर्व्हिस कशी आहे?’ विचारलं की सगळे ‘चांगली आहे’ म्हणतात. रजिस्टरमध्ये वेळ लिहिलेली असते. अ च्या एका इमारतीत सकाळी ९.१० ला ‘दार अडकलं’ अशी नोंद होती आणि माणूस आला दुसऱ्या दिवशी दुपारी. अशा नोंदी एक-दोन नव्हत्या. म्हणून अ ला ४, ब ला ८, क ला ९. क चा कंट्रोलर त्यांचा स्वतःचा; त्याची सेटिंग बदलणारं सर्व्हिस टूल त्यांच्याशिवाय कुणाकडे नाही. एएमसी बदलायची म्हटली तरी हात बांधलेले, म्हणून तिथे ३. दिवसांसाठी आधीच पट्टी आखली होती: ३० पर्यंत १०, ४० पर्यंत ७, ५० पर्यंत ४.

| निकष | वेटेज | अ | ब | क |
|---|---|---|---|---|
| दहा वर्षांचा खर्च | ४० | १० | ९.८ | ८.९ |
| सेवा | २५ | ४ | ८ | ९ |
| भागांची सोय | २० | ८ | ७ | ३ |
| बंद दिवस | १५ | ४ | ७ | १० |
| एकूण (१०० पैकी) | | ७२.० | ८३.७ | ७९.१ |

एक्सेलमध्ये वेटेज B2 ते B5 आणि अ चे गुण C2 ते C5 मध्ये असतील, तर बेरीज अशी:

```
=SUMPRODUCT($B$2:$B$5,C2:C5)/10
```

आता खरी मेख. खर्चाचे गुण काढायला मी सर्वांत कमी खर्च भागिले त्या पार्टीचा खर्च, गुणिले दहा, हे सूत्र घेतलं. अनेक जण दुसरं सूत्र वापरतात: सर्वांत स्वस्ताला १०, सर्वांत महागाला ०, मधल्यांना त्या प्रमाणात. दिसायला तेही रास्त वाटतं. त्या सूत्राने क चे ७९.१ वरून थेट ४३.५ होतात आणि तो दुसऱ्यावरून शेवटी जातो. त्याहून वाईट म्हणजे, क ने कोटेशन भरलंच नसतं तर दोघांतला महाग म्हणून ब ला खर्चाचा शून्य मिळाला असता. अ ७२, ब ४४.५. दहा वर्षांतल्या ३२ हजारांसाठी ४० गुण गेले असते, तेही तिसरा माणूस आला नाही म्हणून. टेंडर दोन-तीनच येणार असतील तर हे सूत्र वापरू नका.

पहिल्या सूत्रालाही मर्यादा आहे. खर्चाला ४० वेटेज दिलं खरं, पण सर्वांत स्वस्त आणि सर्वांत महाग यांच्यात फरक पडला फक्त ४.४ गुणांचा. सेवेच्या २५ मध्ये तो १२.५ चा होता. म्हणजे कागदावर पैसा पहिला, प्रत्यक्षात सेवा पहिली. हे मान्य आहे का, ते रुपयांत विचारावं. आमच्या तक्त्यात १ गुण म्हणजे साधारण ४३ हजार रुपये. सेवेची एक पायरी, ८ चे ९, म्हणजे अडीच गुण, म्हणजे दहा वर्षांत लाखाच्या थोडे वर. घरटी महिन्याला साधारण ३२ रुपये. पाचव्या मजल्यावरच्या आजींनी ‘एवढे मी देईन’ म्हटलं, तेव्हा २५ चं वेटेज योग्य असल्याची खात्री पटली.

वेटेज हलवूनही पाहिलं. खर्च ६०, सेवा १५, भाग १५, दिवस १० केलं तरी ब पहिला, ८८.३. सेवा ४०, दिवस २०, खर्च ३० आणि भागांची सोय फक्त १० केली की क ८५.७ वर जाऊन ब च्या ८२.४ ला मागे टाकतो. म्हणजे अ साठी जागा कुठेच नव्हती. वाद उरला तो एवढाच की दुसऱ्याकडून दुरुस्ती करून घेण्याची मोकळीक आपल्याला किती मोलाची आहे.

सरकारी टेंडरशी तुलना करणाऱ्यांसाठी एक गोष्ट. अर्थ मंत्रालयाच्या ऑक्टोबर २०२१ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार बांधकामासारख्या कामांतही गुणवत्तेला वजन देता येतं, पण ते ३० टक्क्यांपर्यंतच. आमच्याकडे ६० होतं. सोसायटीला तो नियम लागू नाही, तरी सर्वसाधारण सभेत कुणी ६० का म्हणून विचारेल, तेव्हा रजिस्टरचे फोटो हाताशी असावेत.

शेवटी तिघांनाही एकच पत्र गेलं: एएमसी संपल्यावर सर्व्हिस टूल आणि पासवर्ड सोसायटीला द्याल का? क हो म्हणाले असते तर त्यांचे ३ चे ७ झाले असते आणि ८७.१ गुणांनी काम त्यांना गेलं असतं. त्यांचा लेखी नकार आला. ऑर्डर ब ला दिली, आणि ३५ दिवसांची मुदत करारात दंडाच्या कलमासह लिहून घेतली, कारण त्या आकड्यावर त्यांना साडेदहा गुण मिळाले होते.