आईच्या ओट्यावरचे आठ महिने

आई ७८ वर्षांची, साताऱ्यात एकटी राहते, मी पुण्यात. गेल्या वर्षी तिने तीन पातेली जाळली. तिसऱ्या वेळी आमटी करपून धूर शेजारच्या काकूंच्या घरात गेला आणि त्यांचा फोन आला. आईचं म्हणणं एकच, "पदराला गाठ मारली होती की." गाठ होती खरी, पण ती कशासाठी मारली ते आठवत नव्हतं. आधी डॉक्टरांकडे नेलं, तपासणीत बी-१२ कमी निघालं, गोळ्या सुरू झाल्या. ओट्याचं मात्र काहीतरी करावंच लागणार होतं.

पहिली खरेदी चुकली. रेग्युलेटर आणि नळी यांच्यामध्ये बसणारा, फिरवायचा गॅस टायमर आणला. वेळ संपली की गॅस बंद. आई दर वेळी तो शेवटपर्यंत फिरवून ठेवायची, "सारखं कोण वाकणार?" म्हणून. वर एजन्सीतून तपासणीला आलेल्या माणसाने बजावलं, की सिलिंडर आणि शेगडी यांच्यामध्ये नळीशिवाय काहीही जोडायचं नाही. काढून टाकला.

मग नीट विचार केल्यावर कळलं, की विसरण्याचे प्रकार दोन आहेत. दूध उतू जाऊन ज्योत विझते आणि गॅस सुटत राहतो, हा एक. ज्योत पेटलेलीच राहते आणि भांडं कोरडं पडून जळतं, हा दुसरा. एकावरचा उपाय दुसऱ्याला चालत नाही.

पहिल्यासाठी ज्योत विझली की गॅस आपोआप बंद करणारी शेगडी घेतली. बर्नरशेजारी एक छोटी कांडी असते. ती थंड झाली की आतली झडप बंद होते. मी स्वतः फुंकर मारून ज्योत विझवली आणि कान देऊन उभा राहिलो. साधारण पाऊण मिनिटात 'टक' झालं आणि सूं सूं थांबली. तेवढ्या वेळात थोडा गॅस येतोच, हे धरून चालायचं. तक्रार एकच, पेटवताना बटण दाबून पाच-सात सेकंद धरावं लागतं. आईच्या बोटांत संधिवात, ती आधीच सोडायची आणि शेगडीवर चिडायची. पंधरा दिवसांनी जमलं. कांडीवर दुधाची साय वाळून बसली तर ज्योत सारखी विझते. शेगडी बिघडली असं वाटतं, पण बंद, थंड शेगडीवरची कांडी ओल्या फडक्याने पुसली की ठीक होते. करपणाऱ्या आमटीला मात्र ही शेगडी काहीच करत नाही. ज्योत पेटलेली आहे ना, तिच्या लेखी सगळं आलबेल.

त्यासाठी इंडक्शन. डाळ, भात, दूध, चहा आता त्यावरच. मुद्दाम दाबायच्या बटणांची घेतली, कारण ओल्या बोटांना टच पॅनेल दाद देत नाही. आमच्या शेगडीत वेळ लावली नाही तर दोन तासांनी बंद होते, म्हणजे आमटीसाठी निरुपयोगी. म्हणून टायमरच्या बटणावर लाल नेलपॉलिशचा ठिपका दिला: भांडं ठेवलं की आधी लाल, मग मिनिटं. तळ फार तापला तरी ती बंद पडते. चहाचं पाणी आटलं तेव्हा एकदा तसं झालं, भांडं वाचलं. जुनी ॲल्युमिनियमची पातेली चालत नाहीत, यावरून मात्र महिनाभर अबोला होता. १५ अँपिअरचं सॉकेटही वायरमनकडून वेगळं काढून घ्यावं लागलं.

गळती सांगणारा अलार्म हजार-बाराशेचा. सिलिंडरचा गॅस हवेपेक्षा जड, खाली साठतो, म्हणून तो जमिनीपासून फूटभर उंचीवर लावायचा. इलेक्ट्रिशियन सवयीने वर छताजवळ लावायला निघाला होता. आईला वास फारसा येत नाही, म्हणून हा हवाच. पण डासांचा स्प्रे मारला की तो कोकलतो. एकदा आईने वैतागून प्लग काढून ठेवला आणि मला तीन आठवड्यांनी कळलं. आता प्लगवर चिकटपट्टी आहे. अलार्म वाजला तर दिव्याच्या बटणाला हात लावायचा नाही, जमलं तर रेग्युलेटर बंद करून दारं-खिडक्या उघडायच्या, बाहेर पडून काकूंकडे जायचं आणि तिथून १९०६ ला फोन करायचा, एवढं मोठ्या अक्षरात दाराला लावलंय. एक चावी काकूंकडे असते.

आणि सगळ्यात चांगली युक्ती आईची स्वतःची. पोळ्या आणि फोडणी अजून गॅसवरच होतात, वीज गेली तर सगळंच. गॅस पेटलेला असताना दार वाजलं किंवा फोन आला, तर ती हातातली पळी किंवा लाटणं खाली ठेवत नाही. तशीच घेऊन जाते. परवा कुरिअरवाला दारात, आई लाटणं घेऊन समोर. तो बिचारा दोन पायऱ्या मागे सरकला. आईने सही केली, पार्सल काखेत मारलं आणि लाटणं घेऊन पुन्हा ओट्यापाशी गेली.

रात्री नऊला मी फोन करतो आणि ती बोलत बोलत रेग्युलेटर बंद करते. तो खटका मला पुण्यात ऐकू येतो. ज्या दिवशी येत नाही, त्या दिवशी "पुन्हा कर" म्हणतो, मग ती म्हणते, "अरे, केलंय, तुला ऐकायला येत नाहीये."