एलईडीवरून प्लँकचा स्थिरांक: उंबरठा व्होल्टेज नेमके कोणत्या पद्धतीने घ्यावे?

वेगवेगळ्या रंगांचे एलईडी कोणत्या व्होल्टेजला सुरू होतात, म्हणजे त्यांचे उंबरठा व्होल्टेज किती, यावरून प्लँकचा स्थिरांक h काढतात. तेच चार एलईडी, तोच मल्टिमीटर, तरी एका बाकावर h ५.४ × १०⁻³⁴ जूल-सेकंद येतो आणि शेजारच्या बाकावर ७.२ × १०⁻³⁴. अशा वेळी बहुतेक जण जोडणी तपासत बसतात. जोडणी सहसा ठीकच असते. फरक पडतो तो ‘एलईडी सुरू झाला’ असे कधी म्हणायचे यावरून. प्रयोगशाळेत यासाठी तीन पद्धती चालतात, आणि तिन्हींमधून मिळणारी व्होल्टेज वेगवेगळी असतात.

पहिली पद्धत डोळ्याची. एलईडीवर काळ्या कागदाची नळी बसवायची, पोटेन्शियोमीटर हळूहळू फिरवायचा आणि पहिली झाक दिसली की व्होल्टेज टिपायचे. दुसरी स्पर्शरेषेची. २० मिलिअँपिअरपर्यंत प्रवाह आणि व्होल्टेजचा आलेख काढायचा, वरचा सरळ भाग मागे वाढवायचा आणि तो व्होल्टेजचा अक्ष जिथे कापेल तो आकडा घ्यायचा. तिसरी ठरावीक प्रवाहाची. प्रत्येक एलईडीतून नेमका तेवढाच, समजा १० मायक्रोअँपिअर, प्रवाह सोडायचा आणि त्याच्या दोन टोकांमधले व्होल्टेज वाचायचे.

डोळ्याच्या पद्धतीला खर्च नाही, शाळेतल्या मुलांना ती लगेच कळते आणि प्रात्यक्षिक म्हणून छान आहे. पण डोळा सगळ्या रंगांना सारखा न्याय देत नाही. उजेडात त्याची संवेदनशीलता ५५५ नॅनोमीटरजवळ सर्वाधिक असते. अंधाराला सरावल्यावर ती ५०७ च्या आसपास सरकते. त्यामुळे नळीत डोकावताना हिरवा एलईडी अगदी नगण्य प्रवाहावर दिसतो आणि तांबड्याला कितीतरी जास्त प्रवाह लागतो. एलईडीत प्रवाह दहापट वाढायला साधारण ०.०६ ते ०.१२ व्होल्ट पुरतात. म्हणजे दोन रंगांच्या ‘पहिल्या झाके’त शंभरपट प्रवाहाचा फरक असेल, तर व्होल्टेजमध्ये पाव व्होल्टपर्यंत चूक शिरते. हिरव्या-निळ्याचे आकडे खाली ओढले जातात, रेषेचा चढ कमी होतो आणि h लहान येतो. शिवाय पाहणारा बदलला की आकडाही बदलतो.

स्पर्शरेषेची पद्धत जर्नलमध्ये देखणी दिसते, पण आजच्या एलईडींवर तीच सर्वांत जास्त फसवते. ५२५ नॅनोमीटरचा हिरवा आणि ४७० चा निळा, दोन्ही इंडियम-गॅलियम नायट्राइडचे असतात. फोटॉनच्या ऊर्जेत त्यांच्यात जवळपास ०.२८ इलेक्ट्रॉन-व्होल्टचा फरक आहे. तरी २० मिलिअँपिअरवर दोघांचेही व्होल्टेज ३ च्या थोडे वर, जवळजवळ सारखेच मिळते. कारण मोठ्या प्रवाहाला चिपमधला रोध आणि थरांमधले अडथळे आपापला वाटा घेतात, आणि स्पर्शरेषा हा वाटा पूर्ण वजा करू शकत नाही. आलेखाचा ‘सरळ भाग’ कुठून धरायचा हेही हातावर अवलंबून. त्यात चिप तापते आणि दर अंशाला व्होल्टेज साधारण २ मिलिव्होल्टने उतरते. हिरवा आणि निळा बिंदू आलेखावर आडवे, शेजारी-शेजारी आले, तर दोष याच पद्धतीचा समजावा.

त्यामुळे निवड करायची असेल तर ठरावीक प्रवाहाचीच करावी. जोडणी साधी आहे. ९ व्होल्टची बॅटरी, तिच्यावर १० किलोओहमचा पोटेन्शियोमीटर, मधल्या पायापासून १०० किलोओहमचा रोध आणि मग एलईडी. मायक्रोअँपिअर मोजणारा मीटर लागत नाही: रोधावर १.०० व्होल्ट दिसले की प्रवाह १० मायक्रोअँपिअर झाला. मग त्याच मल्टिमीटरच्या तारा थेट एलईडीच्या पायांवर लावायच्या. मालिकेत अँमीटर जोडलाच, तर व्होल्टमीटर अँमीटर आणि एलईडी या दोघांवर मिळून लावू नये. मायक्रोअँपिअरच्या रेंजवर अँमीटरचा स्वतःचा रोध मोठा असतो आणि त्यावरचे व्होल्टेज एलईडीच्या खात्यात जमा होते.

एक उदाहरण सोडवून पाहू. १० मायक्रोअँपिअरवर असे आकडे मिळाले असे धरा:

| एलईडी | तरंगलांबी (नॅनोमीटर) | वारंवारता (१०¹⁴ हर्ट्झ) | व्होल्टेज |
|---|---|---|---|
| तांबडा | ६३० | ४.७६ | १.६० |
| पिवळा | ५९० | ५.०८ | १.७१ |
| हिरवा | ५२५ | ५.७१ | २.०५ |
| निळा | ४७० | ६.३८ | २.३१ |

e हा इलेक्ट्रॉनचा प्रभार, V व्होल्टेज आणि f वारंवारता. प्रत्येक ओळीत थेट `eV = hf` घातले, तर तांबड्यावरून h = ५.४ × १०⁻³⁴ येतो आणि निळ्यावरून ५.८ × १०⁻³⁴. दोन्ही कमीच. याचे कारण, एवढ्या कमी प्रवाहावर बाहेर पडणाऱ्या फोटॉनची सगळी ऊर्जा बॅटरी देत नाही. काही भाग उष्णतेतून मिळतो, म्हणून eV हा hf पेक्षा लहान राहतो. तोंडी परीक्षेत हा प्रश्न हमखास येतो. म्हणून समीकरण `V = (h/e)f + b` असे घ्यावे, त्यात b हा रेषेचा छेद, आणि रेषेला मूळबिंदूतून जायला भाग पाडू नये. वरच्या चार बिंदूंची सर्वोत्तम रेषा ४.५१ × १०⁻¹⁵ व्होल्ट-सेकंद चढ देते; त्याला इलेक्ट्रॉनच्या प्रभाराने गुणले की h = ७.२ × १०⁻³⁴. २०१९ पासून निश्चित धरलेल्या ६.६२६ × १०⁻³⁴ या किमतीपेक्षा हे ९ टक्के जास्त. छेद सुमारे −०.५६ व्होल्ट.

आता जास्त का, हे बिंदूंकडे नीट पाहिल्यावर दिसते. तांबडा-पिवळा ही जोडी वेगळी घेतली तर h ५.५ येतो, हिरवा-निळा वेगळी घेतली तर ६.२. दोन्ही जोड्या कमी सांगतात आणि चौघे मिळून जास्त! तांबडा आणि पिवळा अ‍ॅल्युमिनियम-गॅलियम-इंडियम फॉस्फाइडचे, हिरवा आणि निळा नायट्राइडचे. दोन पदार्थांचा b सारखा नसतो, आणि पिवळ्याकडून हिरव्याकडे जातानाची ही पायरी रेषा आपल्या चढात मिसळून घेते. अर्थात जोडीतल्या दोन बिंदूंवरच विसंबूनही चालत नाही: पिवळा-तांबडा फरक फक्त ०.११ व्होल्टचा आहे, त्यात ०.०१ ची चूक म्हणजे h मध्ये ९ टक्के. उपाय एवढाच की प्रत्येक पदार्थाचे तीन-तीन रंग घ्यावेत. ६६०, ६३०, ५९० एका बाजूला आणि ५२५, ४७०, ४०० च्या आसपासचा जांभळा दुसऱ्या बाजूला; मग दोन समांतर रेषा बसवून सामाईक चढ काढावा.

पद्धत बरोबर बसली आहे का, हे पाहायला सगळी वाचने १०० मायक्रोअँपिअरवर पुन्हा घ्यावीत. रोध १० किलोओहमचा केला की झाले. सगळे बिंदू ०.०६ ते ०.१२ व्होल्टने, जवळपास सारखेच, वर सरकले आणि चढ फारसा हलला नाही, तर वाचने विश्वासार्ह आहेत. एखादाच बिंदू वेगळा उडी मारत असेल तर तो एलईडी बदलावा.

खरेदी करताना मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर काय किंवा घरबसल्या काय, पारदर्शक काचेसारख्या डोक्याचे एलईडी मागावेत. रंगीत प्लास्टिकवरून आतल्या चिपचा रंग ओळखता येत नाही. पांढरा आणि गुलाबी तर घेऊच नयेत: आत निळी चिप असते आणि वर फॉस्फरचा लेप, म्हणून व्होल्टेज निळ्याचे आणि रंग भलताच. तरंगलांबी पाकिटावरून उचलण्यापेक्षा मिलिमीटरला ३०० रेषांच्या जाळीने मोजली तर बरे. एक मीटरवरच्या पट्टीवर ४७० नॅनोमीटरची रेघ मधोमधपासून १४.२ सेंटिमीटरवर पडते. रेघ रुंद दिसेल, कारण एलईडीचा वर्णपट २० ते ३० नॅनोमीटर पसरलेला असतो. तिचा सर्वांत तेजस्वी मध्य धरावा. त्यात ५ नॅनोमीटर इकडेतिकडे झाले तरी वारंवारतेत एखाद टक्काच चूक येते.