सरांच्या मेसेजमधली तारखेची ओळ (सात महिन्यांच्या ट्युशनचा अनुभव)

आमची पोरगी आठवीला, विश्रामबागला एका सरांकडे जूनपासून गणिताच्या ट्युशनला जाते, आठवड्याला तीन दिवस, महिन्याला 1200. सर शिकवतात चांगलं, त्याबद्दल तक्रार नाही. पण त्यांचे व्हॉट्सॅपवरचे मेसेज कळायला मला चार महिने लागले, म्हणून लिहिते.

नोव्हेंबरच्या 3 तारखेला हा आला: "नमस्कार पालक. आपल्या पाल्याची प्रगती चांगली आहे, बेसिक अजून पक्कं व्हायला हवं. थोडं जास्त लक्ष दिलं तर तो स्कॉलरशिपला नक्की चमकेल. स्पेशल बॅच चालू करतोय, जागा मर्यादित. मागील बाकीसह एकूण 4800 रु. 10 तारखेपर्यंत जमा करावे ही विनंती."

वाचून पोटात गोळाच आला. एक म्हणजे बेसिक कच्चं, दुसरं म्हणजे आपण पैसे थकवले की काय. आमचे हे म्हणाले भरून टाक, कशाला वाद. मी फोन हातात घेऊन परत वाचला तेव्हा दिसलं की "तो चमकेल" लिहिलंय, आमची तर मुलगी आहे. शेजारच्या वहिनींना विचारलं तर त्यांच्या पोराला शब्दाला शब्द तोच मेसेज, फक्त रक्कम 3600. म्हणजे वरच्या दोन ओळी आमच्या पोरीबद्दल नव्हत्याच, सगळ्यांना तेच! आमच्यासाठी म्हणून खास होता तो फक्त 4800 चा आकडा, आणि मागणी होती ती तारखेच्या ओळीत.

मग आकडा फोडायला बसले. नोव्हेंबरचे 1200. बाकी कुठली ते कळेना, म्हणून जूनपासूनचे यूपीआयचे व्यवहार बघितले, ऑक्टोबरचे माझ्या नावानं नव्हते. हिशेब लागला तो रात्री, ह्यांच्या फोनवरनं गेले होते 6 तारखेला. सरांच्याकडं दुसरंच नाव दिसलं असणार आणि त्यांनी बाकी धरली. तरीपण 2400 चा मेळ बसत नव्हता.

फोन न करता मेसेजच टाकला, कारण फोनवर मी लगेच हो म्हणून बसते. लिहिलं, "सर, ऑक्टोबरची फी 6 तारखेला गेलीय, स्क्रीनशॉट जोडलाय. 4800 मध्ये कुठल्या महिन्याचे किती धरलेत? स्पेशल बॅच सगळ्यांना कंपल्सरी आहे का? आणि बेसिक म्हणजे नेमकं कुठलं कच्चं आहे, एखादा पेपर बघायला मिळेल का?"

उत्तर अर्ध्या तासात. बाकीबद्दल सॉरी ताई, बघायचं राहिलं. उरलेल्यात 1200 डिसेंबरचे आगाऊ आणि 1200 स्पेशल बॅचचे, बॅच ऐच्छिक. म्हणजे त्या दिवशी खरे देणं होतं 1200, बाकी सगळं "देता का बघा" होतं. सर फसवत होते असं मला अजिबात वाटत नाही, मास्तर माणसाला तोंडानं पैसे मागणं जड जातं, मग पुढं प्रगती लावायची आणि मागनं आकडा. पण त्या नादात खरं सांगायचं असतं तेच राहतं की ओ.

कारण पेपर आला तेव्हा खरी गोष्ट कळली. पोरगी 1/2 + 1/3 ची बेरीज 2/5 करत होती, वरचे वर आणि खालचे खाली मिळवून. आठवीत! समच्छेद करायचं डोक्यात बसलेलंच नाही. दुसरं, आठवीच्या स्कॉलरशिपला काही प्रश्नांचे दोन पर्याय बरोबर असतात आणि दोन्ही नोंदवावे लागतात, ही एकच भरून मोकळी होत होती. सरांना हे दोन्ही माहीत होतं, मेसेजमध्ये मात्र "बेसिक" एवढंच.

बॅच नुसती सराव पेपर सोडवायची होती, त्यानं अपूर्णांक सुटले नसते. म्हणून नोव्हेंबरला नाही म्हटलं आणि रोजच्या क्लासमध्येच तीन आठवडे अपूर्णांक घ्यायला सांगितले. सरांनी घेतले. डिसेंबरला बॅच लावली, तेव्हा पैसे द्यायला काही वाटलं नाही.

सगळेच मेसेज पैशाचे नसतात हेही खरं. जानेवारीत आला, "घरी थोडं लक्ष द्या". मी आपली जीपे उघडून बसले! विचारलं तर कळलं की पोरगी कच्चं काम वहीत करतच नाही, हातावर आणि बेंचवर करते, त्यामुळं चूक कुठं झाली ते त्यांना सापडत नाही. त्यात रक्कम नव्हती, तारीख नव्हती, तेव्हाच मला ओळखायला पाहिजे होतं. आता कच्च्या कामाची 100 पानी वही वेगळी आहे, शनिवारी मी फक्त पानं भरलीत का ते बघते. गेल्या शनिवारी तीन पानं रांगोळीची निघाली.