आठ महिन्यांनंतर: हेडफोन ठणठणीत, दुखणं अडॅप्टरचं

८० ओमचा, कान पूर्ण झाकणारा हेडफोन. रोज चारेक तास वापर. गाद्या थोड्या दबल्यात, आवाजाबद्दल तक्रार नाही. लिहायचंय ते त्याच्या ३.५ मिमी पिनेवर आटे फिरवून बसवायच्या पाव इंची अडॅप्टरबद्दल, कारण त्याच्या चुकीपायी चांगला हेडफोन दुरुस्तीला जातो.

सहाव्या महिन्यात आवाज पोकळ झाला. गाण्यातला मुख्य गायक जवळजवळ नाहीसा, मागची तंतुवाद्यं आणि घुमारा मात्र शाबूत. पिनेवरच्या दोन काळ्या रेघांनी तिचे तीन भाग होतात: टोक डाव्या कानाचं, मधली कडी उजव्याची, बूड दोघांचं सामाईक. अडॅप्टरच्या आत बुडाचा स्पर्श सुटला की करंटला परतायची वाट उरत नाही, तो एका कानातून दुसऱ्या कानात जातो. मग दोन्ही बाजूंना सारखं असलेलं सगळं एकमेकांना खोडतं. गायक आणि बास सहसा मधोमध मिक्स केलेले असतात, म्हणून आधी तेच जातात.

पिन अर्धवट बसली तर लक्षण वेगळं. जॅकमधली उजव्याची पट्टी पिनेच्या टोकावर येते, सामाईक पट्टी कडीवर. उजवा कान गप्प आणि उजवीकडचा आवाज डाव्या कानात! ही अदलाबदल ऐकू आली तर वायर तुटलेली नाही, पिन आत ढकला. पाव इंची पिनेची दांडी बाहेर अजिबात दिसता कामा नये.

आधी अडॅप्टर काढून ३.५ ची पिन थेट लॅपटॉपला लावा. आवाज नीट आला तर दोष अडॅप्टरचा किंवा मोठ्या जॅकचा. मल्टिमीटर असेल तर अडॅप्टर लावूनच मोजा: टोक ते बूड साधारण ८०, कडी ते बूड ८०, टोक ते कडी १६०. माझ्याकडे १६० आलं, बाकी दोन्ही उघडे. बुडाचाच संपर्क गेलेला, शंका नाही.

पिन आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसली, अडॅप्टर बोटांनीच घट्ट केला. पक्कड लावू नका, आटे पितळी असतात, चटकन मरतात. तीन आठवडे बरं चाललं, मग पुन्हा तेच, कारण आतली झिजलेली पट्टी पुसून ताठ होत नाही. नवा घेताना सोबत हेडफोन न्या. सगळ्यांचे आटे जुळत नाहीत, आणि अर्धा फेरा घेऊन अडकलेला अडॅप्टर पिनेला पूर्ण आत जाऊच देत नाही. कॉलर आणि अडॅप्टर यांच्यात नख शिरलं तर तो परत करा.

गुंडाळीची वायर जड असते, ओढली की लांब अडॅप्टर जॅकमध्ये तरफेसारखा हलतो. आता इंटरफेसला कायम एक वीतभर वायरचा अडॅप्टर लावलेला असतो. दोन महिने झाले, पिन हलवून पाहिली तरी खरखर नाही.