पाय-होल की अ‍ॅडगार्ड होम? एकाच फोनला सूट द्यायची असेल तर

प्रॉक्समॉक्सवर एक छोटा कंटेनर चालू ठेवायचा आणि घरभरच्या जाहिराती डीएनएसवरच अडवायच्या, इतकं ठरलं की उरतो तो प्रश्न म्हणजे पाय-होल की अ‍ॅडगार्ड होम. मी दोन्ही वापरले आहेत. जाहिराती अडवण्यात मला तरी फरक जाणवला नाही, आणि जाणवायचं कारणही नाही. याद्या बहुतेक त्याच असतात आणि त्या वाचून नकार देण्याचं काम दोघंही चोख करतात. फरक पडतो तो घरातलं कुणीतरी तक्रार घेऊन आल्यावर.

कंटेनरबद्दल थोडक्यात. डेबियन, एक कोर, ५१२ एमबी रॅम, ४ जीबी डिस्क आणि अनप्रिव्हिलेज्ड ठेवलेला, एवढ्यावर माझ्याकडे दोघंही निवांत चालले. सर्व्हर सुरू झाला की हा कंटेनर सगळ्यांत आधी उठावा:

```
pct set 105 --onboot 1 --startup order=1
```

प्रॉक्समॉक्स होस्टचा स्वतःचा डीएनएस मात्र या कंटेनरकडे वळवू नका. वीज जाऊन आल्यावर होस्टला एखादं नाव शोधायचं असतं आणि उत्तर देणारा अजून उठलेलाच नसतो. आणखी एक, डॉकरच्या नेहमीच्या ब्रिजमध्ये चालवण्यापेक्षा थेट `vmbr0` वर बसलेला कंटेनर बरा. डॉकरमध्ये बऱ्याचदा सगळ्या क्वेरी एकाच आतल्या पत्त्यावरून आल्यासारख्या दिसतात, आणि पुढचं सगळं प्रकरण कोण विचारतंय हे कळण्यावरच आहे.

पहिल्या भेटीत अ‍ॅडगार्ड जिंकतो, हे मान्य करायला हवं. एकच प्रोग्रॅम, एकच `AdGuardHome.yaml`, आणि बाहेर जाणाऱ्या क्वेरी एन्क्रिप्ट करायच्या तर अपस्ट्रीमच्या चौकटीत `https://dns.quad9.net/dns-query` लिहिलं की झालं. पाय-होलमध्ये ही सोय आत नाही. शेजारी काहीतरी बसवावं लागतं. मी त्याच कंटेनरात अनबाउंड ५३३५ पोर्टवर ठेवला आहे. तो क्वेरी एन्क्रिप्ट करत नाही, पण मूळ सर्व्हरांपासून स्वतः उत्तर शोधून आणतो, म्हणजे मध्यस्थच राहत नाही. अवघड नाही, पण सांभाळायला एक सेवा वाढते. २०२५ मध्ये आलेल्या सहाव्या आवृत्तीपासून पाय-होलने वेगळा वेब सर्व्हर आणि पीएचपी सोडून दिलं, त्यामुळे पूर्वीचा पसारा बराच आवरला आहे. दिसण्या-वागण्यात अ‍ॅडगार्ड अजूनही जास्त सुटसुटीत वाटतो.

आता माझं पारडं ज्याने फिरवलं ते. आई फोनवर कुकरची रिंग शोधते आणि वरच्या वर दिसणाऱ्या ‘प्रायोजित’ दुकानावरच बोट ठेवते. तो दुवा `googleadservices.com` वरून जातो, आणि ते नाव बहुतेक याद्यांत असतंच. पान उघडत नाही. “अरे, नेट गेलंय बघ,” अशी हाक येते. जाहिरातीवर बोट ठेवू नकोस, हे सांगण्यात अर्थ नाही. तिच्या दृष्टीने ते दुकानच आहे. बाकी घराला गाळणी तशीच ठेवून तिच्या फोनला एवढ्या नावापुरती सूट द्यायची, इतकंच काम.

अ‍ॅडगार्डमध्ये ते एका ओळीचं आहे:

```
@@||googleadservices.com^$client=192.168.1.23
```

राउटरमध्ये फोनला हा पत्ता कायमचा राखून ठेवला, ओळ लिहिली, आणि दुकान उघडलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा उघडेना. क्वेरी लॉगमध्ये `192.168.1.23` च्या जागी `fd` ने सुरू होणारा एक लांबलचक पत्ता दिसत होता. फोन तोच, पण आता तो आयपीव्ही६ वरून विचारत होता. अँड्रॉइड डीएचसीपीव्ही६ कडून पत्ता घेत नाही, स्वतःच बनवतो, आणि खासगीपणासाठी अधूनमधून नवा बनवतो. तेव्हा आयपीव्ही४ सारखा तो राखून ठेवण्याची सोय नाही. आज जो लांब पत्ता नियमात घालाल, तो काही दिवसांनी शिळा.

यावर उपाय म्हणजे फोनला मॅक पत्त्यावरून ओळखणं. अ‍ॅडगार्डला ते येतं, पण घरातला डीएचसीपीही तोच चालवत असेल तरच. ते मला नको होतं. सर्व्हर बंद पडला तर जाहिराती दिसाव्यात, फार तर डीएनएस हाताने बदलावा लागावा. घरातल्या फोनांना पत्ताच मिळू नये, इतकं त्याच्या गळ्यात बांधायची माझी तयारी नाही.

पाय-होल हेच काम शेजाऱ्यांच्या तक्त्यावरून, म्हणजे कुठल्या पत्त्यामागे कुठला मॅक आहे त्या नोंदींवरून करतो. कंटेनरात हे पाहा:

```
$ ip neigh | grep 3a:5f
192.168.1.23 dev eth0 lladdr 3a:5f:10:c2:44:9e REACHABLE
fd12:9a::8c1e:77b0:41d3:2f6a dev eth0 lladdr 3a:5f:10:c2:44:9e STALE
```

पत्ते दोन, मॅक एकच. पाय-होलच्या क्लायंटच्या यादीत तो मॅक घाला आणि एक नवा गट करून फोन त्यात टाका, पण `Default` गटातूनही काढू नका. काढलात तर त्याला कुठलीच यादी लागू होणार नाही. मग `googleadservices.com` उपडोमेनसह परवानगीच्या यादीत घालून ती परवानगी फक्त नव्या गटाला द्या. पाच-सहा क्लिक जास्त, पण फोनने पत्ता कितीही वेळा बदलला तरी सूट त्याच्यामागे जाते.

यालाही मर्यादा आहेत. नवा पत्ता पाय-होलच्या ओळखीचा व्हायला थोडा वेळ लागतो, तेवढ्यात एखादी क्वेरी अडू शकते. फोन आणि कंटेनर यांच्यामध्ये दुसरा राउटर असेल, म्हणजे मेश राउटर मोडमध्ये चालत असेल, तर मॅक दिसतच नाही. आणि आयफोनवर त्या वाय-फायपुरता खासगी पत्ता ‘फिक्स्ड’ ठेवावा लागतो, नाहीतर मॅकही फिरत राहतो. अँड्रॉइडचा बदललेला मॅक सहसा एका वाय-फायसाठी तोच राहतो, त्यामुळे तिथे मला काही करावं लागलं नाही.

हे सगळं माझ्या राउटरमुळेही आहे, हे प्रामाणिकपणे सांगायला हवं. त्यात आयपीव्ही६ चा डीएनएस रिकामा सोडला तर तो स्वतःचाच पत्ता वाटतो, आणि मग क्वेरी गाळणीला वळसा घालून जातात. म्हणून मला कंटेनरचा `fd` पत्ता तिथे द्यावाच लागला. तुमच्या राउटरमध्ये आयपीव्ही६ वरून डीएनएस वाटणं पूर्ण बंद करता येत असेल, किंवा तुमच्या कनेक्शनला आयपीव्ही६ नसेलच, तर सगळ्या क्वेरी आयपीव्ही४ वरूनच येतील आणि माझी तक्रार तुम्हाला लागू नाही. तेव्हा अ‍ॅडगार्ड घ्या. तो चालवायला सोपा आहे. घरात सगळ्यांना एकच नियम चालत असेल, तरीही तोच.

पण आयपीव्ही६ चालू आहे, राउटर इंटरनेट कंपनीचा आहे, आणि एखाद्या फोनला वेगळं वागवायचं आहे, अशी स्थिती असेल तर मी पाय-होलकडे झुकेन. निवडण्यापूर्वी अ‍ॅडगार्ड लावून फोनवर रोजच्यासारखं काम होऊ द्या आणि लॉगमध्ये क्लायंटचा रकाना चाळा. तिथे एकाच फोनचे दोन-तीन `fd` पत्ते दिसू लागले, तर दुसऱ्या कंटेनरात पाय-होल बसवून राउटरमध्ये डीएनएसचे दोन्ही पत्ते, v4 आणि v6, बदला. जुना कंटेनर काही दिवस तसाच राहू द्या. परत जायचं झालं तर तेवढेच दोन पत्ते उलटवावे लागतात.