दोन पोस्टमधलं अंतर राखायचं कुणी: स्लॉट, कॅलेंडर की फाटक?

पुस्तकं काढणारं एक छोटं प्रकाशनगृह घ्या. फेसबुक पेज, इन्स्टाग्राम, एक्स, थ्रेड्स आणि टेलिग्राम चॅनल अशी पाच खाती. दिवसाला चार मजकूर आणि तो प्रत्येक पाचही ठिकाणी, म्हणजे एकूण वीस पोस्ट. सगळं आधीच रांगेत लावलेलं असतं. एरवी ठीक चालतं, पण अधूनमधून सकाळी दहाच्या सुमाराला एका दमात सहा-सात पोस्ट जातात. टेलिग्रामवर लोकांचे फोन ओळीनं वाजतात आणि चॅनल म्यूट होतं. म्यूट केलेलं चॅनल पुन्हा चालू करायला कुणी परत येत नाही.

प्लॅटफॉर्मच्या स्वतःच्या मर्यादा हे थांबवतील, अशी पुष्कळांची समजूत असते. त्या थांबवत नाहीत. टेलिग्राम बॉटला एका चॅटमध्ये सेकंदाला एकापेक्षा जास्त मेसेज टाळायला सांगतो. थ्रेड्सची मर्यादा २४ तासांत २५० पोस्ट आहे. एक्सची दिवसाची मर्यादा २४०० आहे आणि ती अर्ध्या-अर्ध्या तासात विभागलेली आहे. हे आकडे त्यांचा सर्व्हर वाचवण्यासाठी आहेत, तुमचा वाचक वाचवण्यासाठी नाहीत. शिवाय एका प्लॅटफॉर्मला दुसऱ्यावर काय चाललंय हे कळण्याचा प्रश्नच नाही. अंतर तुम्हालाच राखावं लागतं आणि ते राखण्याच्या तीन पद्धती चलनात आहेत.

पहिली पद्धत स्लॉटची. बफरसारख्या टूलमध्ये प्रत्येक खात्याचं वेळापत्रक वेगळं असतं. तुम्ही ते जाणूनबुजून सरकवून लावता: फेसबुक ९:००, इन्स्टाग्राम ९:२०, एक्स ९:४० आणि असंच पुढे. नवा मजकूर रांगेत टाकला की तो त्या खात्याच्या पुढच्या रिकाम्या स्लॉटमध्ये जाऊन बसतो. सेटअप एका दुपारचं काम, कोड लिहायचा नाही, आणि काय कधी जाणार हे डोळ्यांना दिसतं. दोष असा की पाच वेळापत्रकं एकमेकांना ओळखत नाहीत. कुणी एका पोस्टला स्लॉट सोडून हातानं ९:४२ ची वेळ दिली, तर टूल ती मुकाट्यानं स्वीकारतं आणि एक्सच्या पोस्टनंतर दोनच मिनिटांनी ती जाते. नियम लिहिलेला कुठेच नसतो, तो तुमच्या मांडणीत असतो. मांडणी हलली की नियमही गेला.

दुसरी पद्धत कॅलेंडरवर तपासणीची. पाचही खात्यांच्या पोस्ट एकाच यादीत ठेवायच्या आणि नवी वेळ टाकताना शेजारच्या दोन वेळांशी ताडून बघायची. वीस मिनिटांच्या आत येत असेल तर टूल पुढची मोकळी वेळ सुचवतं किंवा नकार देतं. हे गुगल शीटमध्येही जमतं. वेळेनुसार लावून खालच्या ओळीतून वरची वजा करायची आणि फरक कमी असेल तर खाना लाल करायचा. दोन-तीन माणसं मिळून शेड्युल करत असतील, तर स्लॉटपेक्षा हे कितीतरी बरं, कारण टक्कर आदल्या दिवशीच कळते.

पण ही तपासणी ठरलेल्या वेळांची आहे, प्रत्यक्ष वेळांची नाही आणि खरी गडबड या दोहोंमधल्या फटीतच होते.

वर्डप्रेसचं उदाहरण घ्या. त्याचं अंगभूत क्रॉन, म्हणजे ठरलेल्या वेळेची कामं उरकणारी यंत्रणा, घड्याळावर चालत नाही. कुणी साइट उघडली की ते तपासतं, काही काम थकलंय का. ७:००, ७:४०, ८:२० आणि ९:०० असे चार लेख लावलेले आहेत आणि सकाळी साइटवर कुणी फिरकलंच नाही. ९:५० ला पहिला वाचक आला की चारही लेख एकदम प्रसिद्ध होतात. त्यांच्यावर सोशल मीडियाचं ऑटो-शेअर लावलेलं असेल, तर चार लेख गुणिले पाच खाती, वीस पोस्ट काही मिनिटांत. कॅलेंडरवर मात्र चाळीस-चाळीस मिनिटांचं अंतर सुरेख दिसत राहतं. (वर्डप्रेसपुरता उपाय सोपा आहे. `wp-config.php` मध्ये `DISABLE_WP_CRON` ला `true` करायचं आणि सर्व्हरच्या खऱ्या क्रॉनमधून दर पाच मिनिटांनी `wp-cron.php` ला हाक मारायची.) आरएसएस वाचून पोस्ट करणारी टूल्सही याच जातीची. ती ठराविक वेळानं फीड बघतात आणि मधल्या काळात आलेलं सगळं एका फेरीत पुढे ढकलतात. सर्व्हर बंद पडून सुरू झाला, खात्यात शिरायला लागणाऱ्या टोकनची मुदत संपून नवं टाकलं, थांबवलेली रांग पुन्हा चालू केली, प्रत्येक वेळी हेच: थकलेलं सगळं ‘वेळ उलटून गेली’ या एकाच निकषावर लगेच सुटतं.

म्हणून तिसरी पद्धत, फाटकाची. रेल्वेच्या फाटकासारखी एकच जागा, जिथून प्रत्येक पोस्टला बाहेर पडावं लागतं, मग ती कुठल्याही खात्याची असो. ठरलेली वेळ म्हणजे ‘याआधी सोडू नका’ एवढंच. सुटायच्या क्षणी फाटक विचारतं, शेवटची पोस्ट केव्हा गेली? वीस मिनिटं झाली नसतील तर थांबा. स्वतःची रांग पोस्टग्रेस डेटाबेसवर चालवत असाल तर सगळी मेख या चार ओळींत आहे:

```sql
UPDATE gate
SET next_free_at = now() + interval '20 minutes'
WHERE id = 1 AND next_free_at <= now()
RETURNING id;
```

ओळ परत आली तर पोस्ट पाठवा, नाही आली तर रांगेतच राहू द्या आणि मिनिटभरानं पुन्हा विचारा. आधी वेळ वाचायची आणि मग वेगळ्या क्वेरीनं बदलायची, असं मात्र करू नका. रांगेतल्या पोस्ट पाठवणारे दोन वर्कर एकाच सेकंदाला वाचतील, दोघांनाही फाटक उघडं दिसेल आणि दोघंही सुटतील. वरच्या एका `UPDATE` मध्ये दुसऱ्याला पहिल्याचं होईपर्यंत थांबावं लागतं आणि मग अट नव्यानं तपासली जाते. पोस्ट अयशस्वी झाली तरी ती वीस मिनिटं खर्ची पडली असं धरा आणि पुन्हा प्रयत्नालाही फाटकातूनच पाठवा. अपयशाला ‘लगेच पुन्हा’ अशी मुभा दिली की गर्दी त्या चोरवाटेनं परत येते.

आता हिशेब. वीस पोस्ट म्हणजे मधली एकोणीस अंतरं. वीस मिनिटांप्रमाणे ३८० मिनिटं, सव्वासहा तासांच्या किंचित वर. सकाळी आठ ते रात्री दहा ही खिडकी ८४० मिनिटांची, तेव्हा आरामात बसतं आणि काही बिघडलं तर सावरायलाही जागा उरते. हेच अंतर ४५ मिनिटं केलं तर ८५५ मिनिटं लागतात. खिडकी अपुरी पडते, रोज थोडं उरतं, आणि आठवड्याच्या शेवटी गुरुवारच्या चार पोस्ट शुक्रवारी जाताना दिसतात. अंतराचा आकडा आवडीनं ठरवायचा नसतो, या भागाकारावरून ठरवायचा असतो. जमत नसेल तर पोस्ट कमी करा.

इथेच एक प्रश्न आधी सोडवून घ्यावा लागतो. एकच मजकूर पाच खात्यांवर जातो, त्या पाच पोस्ट धरायच्या की एक? पाच धरल्या तर पहिल्या खात्यावर ९:०० ला गेलेली घोषणा पाचव्यावर १०:२० ला पोचते. पुस्तकाच्या परिचयाला चालेल, आजच्या कार्यक्रमाच्या बदललेल्या जागेला चालणार नाही. एक धरल्या तर पाचही ठिकाणी तुम्हाला फॉलो करणाऱ्या निष्ठावंत वाचकाच्या फोनवर पाच घंटा. माझं मत पाच धरण्याकडे आहे. सगळी खाती फॉलो करणारे थोडे असतात, पण तेच तुमची पुस्तकं विकत घेतात.

फाटकाची किंमत म्हणजे वेळेची हमी जाते. सर्व्हर ७ ते ११ बंद होता आणि सहा पोस्ट साचल्या, तर पहिली ११:०० ला आणि सहावी १२:४० ला जाते. त्यामागच्या सगळ्या तेवढ्या पुढे सरकतात. म्हणून प्रत्येक पोस्टला दुसरी वेळही हवी: ‘यानंतर पाठवू नका’. ‘आज दुपारी १२ पर्यंत सवलत’ ही पोस्ट १२:२० ला जाण्यापेक्षा न गेलेली बरी. ही मुदत नसलेलं फाटक बसवू नये, असं मी म्हणेन.

तातडीच्या पोस्टला फाटक ओलांडू द्यायला हरकत नाही, फक्त ओलांडताना तिनं `next_free_at` पुढे ढकलला पाहिजे, नाहीतर तिच्या मागोमाग दुसऱ्याच मिनिटाला रांगेतली पोस्ट निघते. फोनवरून हातानं टाकलेल्या पोस्टचंही तेच, आणि तिथे मात्र तिन्ही पद्धती आंधळ्या आहेत. पोस्ट टाकणाऱ्यानं एक बटण दाबून फाटकाला कळवायचं, एवढीच सोय करता येते.

वेळा यांत्रिक वाटू नयेत म्हणून काही जण थोडी यादृच्छिकता घालतात. १०:०० आणि १०:२० या वेळांना अधिक-उणे आठ मिनिटं दिली तर १०:०८ आणि १०:१२ निघू शकतं. अंतर राहिलं चार मिनिटं. हलवायचंच असेल तर किमान अंतरात फक्त मिळवा, वजा करू नका.

मग कोणती घ्यावी? एकटा माणूस, दोन-तीन खाती, आरएसएस किंवा ऑटो-शेअर काही नाही, तर सरकवलेले स्लॉट पुरेत. फाटक बांधायला जाऊ नका. शेड्युल करणारे हात एकाहून जास्त असतील तर कॅलेंडरची तपासणी घाला. कुठलीही पोस्ट माणसाच्या नजरेखालून न जाता आपोआप तयार होत असेल, तर फाटकाला पर्याय नाही. कॅलेंडर तरीही ठेवा, कारण साठलेली गर्दी आदल्या दिवशी दिसणं सोयीचं असतं. तयार टूल विकत घेत असाल तर विक्रेत्याला एवढंच विचारा: किमान अंतर शेड्युल करताना तपासता की पाठवताना, आणि प्रत्येक खात्याला वेगळं की सगळ्यांना मिळून? या प्रश्नावर डेमो देणारा अडखळला तर समजा पहिलीच पद्धत आहे.

ठरवण्याआधी मागच्या महिन्याच्या सगळ्या पोस्ट प्रत्यक्ष प्रसिद्ध झालेल्या वेळेसह एका शीटमध्ये उतरवा. ठरलेली वेळ घेऊ नका. काही खात्यांच्या नोंदी यूटीसीत मिळतात, काहींच्या भारतीय वेळेत. साडेपाच तास मिळवून सगळ्या एका वेळेवर आणा, नाहीतर नसलेल्या टकरा दिसतील आणि असलेल्या लपतील. मग क्रम लावून फरक काढा. लहान फरक महिनाभर विखुरलेले असतील तर दोष शेड्युल करणाऱ्यांच्या समन्वयात आहे, त्याला दुसरी पद्धत पुरते. तेच फरक दोन-तीन दिवसांत गठ्ठ्यानं असतील, तर त्या दिवशी काय बंद पडून पुन्हा सुरू झालं ते सर्व्हरच्या लॉगमध्ये शोधा.